सिकलसेल असलेल्या एका विद्यार्थिनीची व्यवसायनिवड: चंद्रपूर जिल्ह्यातील एक प्रकरण

बारावी विज्ञान शाखेची परीक्षा नुकतीच दिलेली एक विद्यार्थिनी एप्रिल महिन्यात तिच्या आईवडिलांसोबत माझ्याकडे व्यवसाय मार्गदर्शनासाठी आली, तेव्हा तिने परिचारिका व्हायचे असे ठरवूनच टाकले होते. वडिलांचा आग्रह सरकारी नोकरीचा होता, मग ती कोणतीही असो. आईचे म्हणणे एवढेच होते, की मुलीला झेपेल ते करावे. पण काय झेपेल हे कसे ओळखायचे, असे विचारले तर तिच्याकडे उत्तर नव्हते. मुलीला सिकलसेल आजार आहे. विदर्भात ज्याला लोक ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात तो, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही दोषयुक्त जनुक आलेला. तिची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि काही बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. बाकी घटनाक्रम जसा घडला तसा मांडत आहे.

बोलण्याच्या ओघात आईने जे सांगितले, ते मला पुढच्या सगळ्या कामात उपयोगी पडले. ती म्हणाली, “मॅडम, महिनाभर बरी असते तेव्हा पाहुणे म्हणतात हिला झालंय तरी काय, आणि दवाखान्यात भरती असते तेव्हा तेच पाहुणे म्हणतात हिच्यानं काही होणार नाही.” या आजारात व्यवसाय निवडणे अवघड होते ते याच कारणाने. मुलाखतीला बसलेली व्यक्ती चांगल्या दिवशी पूर्ण निरोगी दिसते, आणि वाईट दिवशी ती कोणत्याच कामाची वाटत नाही. निवड करताना या दोन चित्रांपैकी कोणतेही एक धरले तर ती चुकते.

शरीर नेमके कुठे अडते

कामाची मागणी आणि शरीराची शक्ती यांची जुळणी करायची, तर शक्ती कशामुळे कमी पडते हे आधी समजून घ्यावे लागते. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर सिकलसेलमध्ये ती साधारण 10 ते 20 दिवसांतच फुटते. त्यामुळे हिमोग्लोबिन कायम कमी असते. या मुलीचे आठच्या आसपास राहत असे. लहानपणापासून शरीर या पातळीला सरावलेले असल्यामुळे बसल्या जागी तिला काहीच जाणवत नाही. कमतरता दिसते ती जिना चढताना, ओझे उचलताना, बराच वेळ उभे राहिल्यावर. टेबलापलीकडे बसलेल्या व्यक्तीला पाहून तिच्या कामाच्या क्षमतेचा अंदाज बांधणे या आजारात निरुपयोगी ठरते ते यामुळे.

दुसरी गोष्ट वेदनेच्या झटक्याची. पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांमध्ये तीव्र कळा येतात. इथले लोक त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात किंवा नुसतेच ‘दुखणे उठले’ असे सांगतात. हा झटका तीन दिवसही राहतो आणि आठवडाभरही. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, पावसात भिजणे, ताप किंवा जंतुसंसर्ग, अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. आधीच्या वर्षभरात तिला असे चार झटके आले होते आणि त्यांपैकी दोन वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते.

तिसरी गोष्ट नोकरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. या आजारात मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता लवकरच कमी होते. लघवी पातळ आणि वारंवार होते, रात्रीही उठावे लागते. म्हणजे ज्या शरीराला पाण्याची कमतरता अजिबात चालत नाही, त्याच शरीरातून पाणी सतत बाहेर जात राहते. अशा व्यक्तीला दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी प्यावे लागते आणि दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृहात जावे लागते. जिथे ही सोय नाही तिथे, काम कितीही हलके असले तरी, तिला ते करता येणार नाही.

अठ्ठावीस दिवसांची वही

निर्णयावर बोलण्यापूर्वी मी तिला 28 दिवस एक वही ठेवायला सांगितली. दिवसातून तीन वेळा, सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी, दोन-दोन ओळी लिहायच्या: बसून किती वेळ काम किंवा अभ्यास झाला, उभे राहणे आणि चालणे किती झाले, प्रवास किती, पाण्याच्या किती बाटल्या संपल्या, कुठे दुखले, झोप कशी लागली. थकव्याला दहापैकी गुण देण्याची पद्धत मी मुद्दाम टाळते, कारण आजारासोबत वाढलेली मुले सवयीने सगळ्याच दिवसांना सारखे गुण देतात. केलेल्या कामाची नोंद मात्र खोटी पडत नाही.

वहीतून 18 दिवस साधारण, 7 दिवस मंद आणि 3 दिवस पडून काढलेले निघाले. साधारण दिवशी ती मधूनमधून उठत सहा तास बसून काम करू शकत होती. सलग उभे राहणे चाळीस मिनिटांपलीकडे गेले की जांघेत दुखू लागे. माझे लक्ष मात्र त्या सात मंद दिवसांकडे गेले. त्यांपैकी चार दिवस कुठल्या ना कुठल्या श्रमाच्या दुसऱ्या दिवशी आले होते: एकदा लग्नात दिवसभर उभी राहिली होती, दोनदा एसटीत जागा न मिळता दोन तासांहून जास्त प्रवास झाला होता, एकदा विहिरीवरून पाणी आणले होते. ज्या दिवशी श्रम झाले त्या दिवशी तिने ‘ठीक आहे’ असेच लिहिले होते. उरलेल्यांपैकी दोन दिवस मासिक पाळीच्या आदले होते आणि एकाचे कारण कळले नाही.

कामाची किंमत शरीर दुसऱ्या दिवशी वसूल करते, हे एकदा कागदावर दिसले की ‘आज जमले म्हणजे रोज जमेल’ हा हिशेब आपोआप बाजूला पडतो. म्हणूनच एखाद्या कामाची चाचणी एका दिवसाची घेऊन उपयोग नसतो. ती किमान दोन आठवड्यांची असावी लागते, आणि तिच्या नोंदीत सुटीचा दिवसही धरावा लागतो, कारण आठवड्याची थकबाकी बहुधा रविवारी बाहेर पडते.

आठवड्याची शक्ती मोजताना मी एक ढोबळ नियम वापरते. साधारण दिवशी जेवढे तास होतात त्यांना सहाने गुणायचे आणि त्यातून चौथा हिस्सा वजा करायचा. तो हिस्सा मंद दिवसांसाठी, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी आणि घरच्या कामासाठी राखीव ठेवायचा. तिच्या बाबतीत सहा तासांचे 36 झाले, त्यातून नऊ गेले, 27 उरले. पूर्णवेळ नोकरीचे आठवड्याचे तास 48 च्या घरात असतात. हे अंतर वडिलांना त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात दिसले आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

याच सुमारास डॉक्टरांनी तिला हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू केले होते. ते नियमित घेतल्यास झटके कमी होतात, पण परिणाम दिसायला काही महिने जातात आणि मधूनमधून रक्ततपासणी करत राहावी लागते. त्यामुळे माझ्यासमोर एक पेच होता. खरी क्षमता पावसाळा संपेपर्यंत कळणार नव्हती आणि प्रवेश मात्र जून-जुलैमध्येच घ्यायचा होता. अशा वेळी नंतर बदलता येईल असा मार्ग निवडावा, असे माझे मत आहे. ज्या अभ्यासक्रमाची फी, वसतिगृह आणि हजेरीचे नियम माणसाला पहिल्याच वर्षी बांधून टाकतात, तो अपुऱ्या माहितीवर घेऊ नये.

परिचारिकेचे काम आणि तिची ओढ

परिचारिका होण्याची तिची इच्छा उसनी नव्हती. दहा वर्षांची असताना रुग्णालयात रात्रभर उशाशी बसलेल्या एका सिस्टरची आठवण तिने मला दोनदा सांगितली होती. म्हणून तो पर्याय मी नुसता ‘झेपणार नाही’ म्हणून खोडला नाही. आम्ही त्या कामाचा एक दिवस तासातासाने मांडला. वॉर्डातील आठ तासांच्या पाळीत बसायला मिळते ते मुख्यतः नोंदी लिहिताना. रुग्णाला कुशीवर वळवणे, खाटेवरून स्ट्रेचरवर घेणे हे दोघींचे काम अनेकदा एकटीवर येते. रात्रपाळी आलटून पालटून येते, त्यामुळे झोप आणि पाणी दोन्हींची घडी विस्कटते. शिवाय जंतुसंसर्ग हे झटक्याचे मोठे निमित्त, आणि वॉर्ड म्हणजे त्याचेच ठिकाण. अभ्यासक्रमातही अडचण होतीच: रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे बुडलेले तास माफ होत नाहीत, ते प्रमाणपत्रापूर्वी भरून द्यावेच लागतात. वर्षातून चार झटके धरले तर तिला प्रत्येक झटक्यानंतर, अंगात शक्ती नसतानाच, जादा पाळ्या कराव्या लागल्या असत्या.

तिने मग प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा पर्याय पुढे केला, आणि वरवर पाहता तो बसून करण्याच्या कामाचा वाटतोही. मी तिला ओळखीच्या एका छोट्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तीन सकाळी नुसते बसून पाहायला पाठवले. तिने आणलेली नोंद अशी होती: सकाळी साडेसात ते दहा उपाशीपोटी रक्त देणाऱ्यांची रांग, त्यात तंत्रज्ञ एकदाही बसली नाही, यंत्रांसाठी खोली थंड ठेवलेली, आणि तंत्रज्ञ आली नाही तर त्या दिवशीचे नमुने दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाहीत. या तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही सर्वांत जास्त बोललो. आपण न आलेल्या दिवशी त्या कामाचे काय होते, हा प्रश्न मी प्रत्येक व्यवसायाबाबत विचारते. काही कामे थांबतात, काही दुसरा उचलतो, आणि काही वाया जातात. जिचे वर्षातले पंधरा-वीस दिवस अचानक जाणार आहेत, तिच्यासाठी हा फरक पगाराच्या फरकापेक्षा मोठा असतो.

आरक्षणाबद्दलचा गैरसमज

वडिलांची सगळी भिस्त दिव्यांग प्रमाणपत्रावर होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत आणि त्यांत सिकलसेल आहे. आजाराची तीव्रता आणि गुंतागुंती पाहून टक्केवारी ठरते. 40 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ मानले जाते. इथपर्यंत त्यांची माहिती बरोबर होती. पुढचा भाग त्यांना कोणी सांगितला नव्हता. याच कायद्याच्या कलम 32 नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत मिळते, आणि ती सिकलसेलच्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षण मात्र कलम 34 मध्ये आहे आणि तिथे गट नावाने दिले आहेत: दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग व त्यासोबतचे काही प्रकार, तसेच बौद्धिक व मानसिक स्वरूपाचे प्रकार आणि यांतील बहुविध दिव्यांगत्व. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. प्रमाणपत्र हातात आहे म्हणून राखीव पदांच्या परीक्षांची तीन-चार वर्षे तयारी करणारी सिकलसेलची मुले मी पाहिली आहेत, आणि अर्जाच्या टप्प्यावर त्यांना हे कळते तेव्हा फार वाईट वाटते. महाविद्यालयात प्रवेश घेतानाच ही दोन कलमे वेगवेगळी वाचून दाखवायला हवीत.

तिने शेवटी तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला प्रवेश घेतला. विज्ञानातून वाणिज्यात जाता येते, फी थोडी होती, आणि पहिल्या वर्षानंतर मार्ग बदलायचा झाला तरी मोठे नुकसान नव्हते. तिला हिशेबाची आवड होती का, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर हे, की तेव्हा नव्हती. पण गणितात गुण चांगले होते आणि नोंदी नेटक्या ठेवण्याची सवय तिच्या त्या वहीतही दिसत होती. घर ते तालुका अंतर 14 किलोमीटर. सकाळी महाविद्यालय असल्यामुळे गावातूनच सुटणारी मुक्कामी एसटी तिला मिळे आणि बसायला हमखास जागा असे. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण वहीत उभ्याने केलेल्या प्रवासाची किंमत आम्ही पाहिलेली होती.

सप्टेंबरमध्ये तिने पुन्हा 28 दिवस नोंदी केल्या. औषधाला पाच महिने झाले होते. या वेळी 22 दिवस साधारण, 5 मंद आणि 1 पडून काढलेला. बसून काम सात तासांपर्यंत. त्याच नियमाने हिशेब केला तर 42 मधून साडेदहा वजा होऊन साडेएकतीस तास निघाले. मे महिन्यातल्या आकड्यावरच तिचे भवितव्य ठरवले असते तर साडेचार तासांची ही भर आम्ही गमावली असती.

करसल्लागाराच्या कार्यालयातले दोन आठवडे

दिवाळीच्या सुटीत तिने तालुक्याच्या गावी एका करसल्लागाराकडे विनावेतन दोन आठवडे काम केले. या कामाचे वेळापत्रक आधी समजून घेतले, कारण त्याची मागणी दिवसाप्रमाणे ठरत नाही, महिन्याच्या तारखांवर ठरते. दरमहा जीएसटीचे विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचे विक्रीचे विवरण, म्हणजे जीएसटीआर-1, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जाते. खरेदीवर मिळणाऱ्या कराच्या वजावटीचे जीएसटीआर-2बी पोर्टलवर 14 तारखेला तयार होते, आणि ते दुकानदाराच्या खरेदीशी ताडून 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरायचे असते. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंबशुल्क आणि वर व्याज लागते. 21 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत काम सैल असते.

या चित्रात तिच्यासाठी चांगली गोष्ट ही होती, की ताणाचे दिवस आधीपासून माहीत असतात आणि बरेचसे काम आधी करून ठेवता येते. अडचण एकाच ठिकाणी होती: 2बी चौदा तारखेआधी येतच नाही, त्यामुळे 14 ते 20 हे सात दिवस कितीही नियोजन केले तरी मागे-पुढे सरकत नाहीत. झटका नेमका त्या दिवसांत आला तर काय, हा प्रश्न तिने स्वतः त्या सल्लागारांना विचारला. त्यांनी दिलेले उत्तर व्यवहाराचे होते. खरेदीची बिले 13 तारखेपर्यंत टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत पूर्ण चढलेली असतील, तर 14 नंतर फक्त न जुळणारी बिलेच पाहायची उरतात, आणि ती पाहायला कोणीही बसू शकते. बिले चढलेलीच नसतील तर मात्र दुसऱ्याला काहीच करता येत नाही. शिवाय पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तिमाही विवरणाचा पर्याय असतो. असे व्यापारी तिच्याकडे जास्त दिले तर दरमहाची धावपळ आपोआप कमी होते.

घरून काम करता येईल का, याचाही त्या दोन आठवड्यांत निकाल लागला. तालुक्याच्या ठिकाणी दुकानदार बिले पिशवीत भरून आणतात, आणि विवरण भरताना ओटीपी दुकानदाराच्याच मोबाइलवर जातो. त्यामुळे पूर्णपणे घरून काम होत नाही. पण बिलांचे फोटो आधी काढून ठेवले तर नोंदी घरून होऊ शकतात, आणि मंद दिवसासाठी तेवढे पुरेसे असते. दोन आठवड्यांच्या शेवटी तिच्या वहीत एकच मंद दिवस होता.

पहिली नोकरी कुठे चुकली

पदवीनंतर तिला पहिली नोकरी मात्र दुसऱ्याच ठिकाणी, जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या हिशेब कार्यालयात मिळाली. काम तेच, पगार जास्त. ती तिथे दहा आठवडे टिकली. कामाची निवड चुकली, असा निष्कर्ष घरच्यांनी लगेच काढला. माझ्या मते तो चुकीचा होता, आणि तिने ठेवलेल्या वहीमुळेच तो खोडता आला.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते आणि उद्वाहन नव्हते. स्त्रियांसाठीचे स्वच्छतागृह तळमजल्यावर, तेही कुलपात, चावी पहारेकऱ्याकडे. नवीन मुलगी दिवसातून पाच वेळा तीन मजले उतरून चावी मागणार कशी? तिने कोणालाही न सांगता पाणी कमी केले. पहिल्या आठवड्यात वहीत रोज तीन बाटल्या आहेत, चौथ्यात दोन, सहाव्यात एक आणि कधी तीही अर्धी. तिच्या खुर्चीच्या थेट वर वातानुकूलन यंत्र होते. सातव्या आठवड्यात पाठ आणि मांड्यांमध्ये कळा सुरू झाल्या आणि पाच दिवस ती रुग्णालयात होती. दहाव्या आठवड्यात पुन्हा तेच झाले, तेव्हा तिने नोकरी सोडली. कामाचे तास, संगणकासमोरचे बसणे, हिशेबाचा ताण यांपैकी कशाचाही या दोन झटक्यांशी संबंध दिसत नाही. बाटल्यांची उतरती नोंद मात्र तीन आठवडे आधीपासून समोर होती. ती रोज लिहीत होती, पण मागची पाने उलटून पाहत नव्हती. दर रविवारी मागचा आठवडा पुन्हा वाचायचा, हे मी तिला सांगायला हवे होते, आणि तेव्हापासून मी ते सर्वांनाच सांगते.

माझी आणखी एक चूक इथे नोंदवते. मुलाखतीत आजाराबद्दल काय सांगायचे याची तयारी मी तिच्याकडून करून घेतली होती. पण जागा पाहून येण्याबद्दल बोलले नव्हते. आता मी म्हणते, की होकार देण्यापूर्वी त्या कार्यालयात एकदा पाणी मागावे आणि स्वच्छतागृह वापरून यावे. पगाराच्या बोलण्याइतकीच ती चौकशी आवश्यक आहे.

त्याच काळात जांघेतील दुखणे वाढले होते. क्ष-किरण तपासणीत काही दिसले नव्हते, म्हणून ते थकव्यावर ढकलले गेले होते. एमआरआय केल्यावर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे कळले. सिकलसेलमध्ये हे बऱ्याच जणांना होते आणि सुरुवातीला साध्या क्ष-किरणात ते दिसत नाही. म्हणजे पहिल्या वहीतली ‘चाळीस मिनिटे उभे राहिल्यावर जांघेत दुखते’ ही नोंद फक्त शक्तीच्या मर्यादेची नव्हती, ती एका वेगळ्या दुखण्याची सुरुवात होती. एकाच जागी, एकाच हालचालीने, दर वेळी होणारी वेदना वहीत दिसली तर ती मार्गदर्शकाने थकवा म्हणून खात्यात टाकू नये. अस्थिरोग तज्ज्ञाकडे पाठवावे.

पुन्हा मांडणी

नोकरी सोडल्यानंतर ती दोन महिने घरी होती आणि मग दिवाळीत जिथे काम केले होते त्याच करसल्लागारांकडे गेली. या वेळी बोलणे नीट ठरवून केले. अशा छोट्या कार्यालयात पाच-सहा माणसे असतात. कायद्यातील सविस्तर समान संधी धोरण, सोयींची यादी हे सगळे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांकडून अपेक्षित असते, त्यामुळे इथे जे काही मिळणार ते समोरासमोर बोलूनच मिळणार होते. तिने आजाराचे वर्णन दोन वाक्यांत संपवले आणि मग गरजा सांगितल्या: तळमजल्यावरची जागा, थंड वाऱ्याच्या झोतापासून दूर, दर पाऊण तासाने पाच मिनिटे उठण्याची मोकळीक, आणि वर्षातून दोन-तीनदा चार-पाच दिवसांची अचानक रजा. त्यासोबत तिने स्वतःची बाजूही मांडली. रोज संध्याकाळी निघताना प्रत्येक व्यापाऱ्याचे काम कुठपर्यंत आले आहे, याची एक ओळ सामाईक वहीत लिहून ठेवीन, आणि अंग जड वाटू लागले, डोळे पिवळसर दिसले, की त्याच दिवशी कळवीन, दुसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाही. सल्लागारांना रजेपेक्षा हे दुसरे आश्वासन महत्त्वाचे वाटले असावे, कारण त्यांनी लगेच विचारले ते त्या सामाईक वहीबद्दलच.

वेळ ठरली सकाळी 11 ते दुपारी साडेचार, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे आठवड्याला 30 तास, साडेएकतीसच्या आत. पगार पूर्णवेळ माणसापेक्षा कमी, दरमहा आठ हजार. वडिलांना तो कमी वाटतो आणि ते खरेही आहे. इतक्या पैशात ती एकटीचा संसार चालवू शकणार नाही. या वेळेला मुक्कामी एसटीचा उपयोग नव्हता, आणि हिवाळ्यात वडिलांच्या मोटारसायकलवर गार वारा लागतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती तालुक्याच्या गावी मावशीकडे राहते. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा सल्लागारांनी आपणहून तिची वेळ सकाळी आठची केली.

या व्यवस्थेला आता चौदा महिने झाले. या काळात तीन झटके आले. एक बरोबर 16 तारखेला. तिच्याकडच्या 18 व्यापाऱ्यांपैकी 11 तिमाही विवरण भरणारे असल्याने दरमहाचे सातच होते, आणि त्यांची बिले चढलेली होती. सहकाऱ्याने दोन दिवसांत उरलेली जुळवणी केली आणि एकाही व्यापाऱ्याला विलंबशुल्क पडले नाही. ती रुग्णालयातून परत आली तेव्हा सल्लागारांनी आणखी दोन व्यापारी तिच्याकडे सोपवले.

खुब्याचा प्रश्न सुटलेला नाही. चालणे कमी झाले आहे, पुढे सांधा बदलावा लागेल असे डॉक्टर म्हणतात. खुब्याच्या हालचालीवर आलेल्या मर्यादेचे मूल्यमापन अस्थिव्यंग म्हणून स्वतंत्रपणे होते, आणि त्याची टक्केवारी चाळीसच्या वर गेली तर कलम 34 मधील राखीव पदांचा मार्ग तिला खुला होईल. तिने तपासणीसाठी अर्ज केला आहे. वडील आता लेखा लिपिकाच्या जाहिराती पाहू लागले आहेत. तिचे म्हणणे असे, की बदली कुठे होऊ शकते, कार्यालय कोणत्या मजल्यावर आहे आणि पाण्याची सोय काय, हे कळल्याशिवाय ती अर्ज भरणार नाही. मागच्या महिन्यात तिने एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागाबद्दल मला विचारले. बसून काम, हिशेबाचेच काम, आणि आवार रुग्णालयाचे. मी तिला रात्रपाळी असते का आणि ती आली नाही तर खिडकीवर कोण बसते, हे विचारून यायला सांगितले आहे. जानेवारीत ती तिथे दोन आठवडे बसणार आहे, वही घेऊन.